हातमोज्यावर निभावलं

जिवावर आलं आणि शेपटावर निभावलं, असं आपण म्हणतो. प्रेसशॉपमध्ये ते कधीकधी हातमोज्यावर निभावतं. सुती हातमोज्याच्या तर्जनीचं टोक पंच आणि डायच्या मध्ये सापडतं, चपटं होतं, आणि आतलं बोट त्याआधी निमिषभर मागे आलेलं असतं. शेजारच्या प्रेसवरचा कामगार विचारतो, "काय झालं रे?" उत्तर येतं, "काही नाही, प्रेसनं डबल मारला." हातमोजा कचऱ्यात जातो, नवा हातमोजा येतो, आणि शिफ्ट पुढे चालू राहते.

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कुठल्याही प्रेसशॉपला ओळखीचा वाटेल असा हा प्रसंग आहे. पुढचा कारखाना आणि पत्र हेही कुणा एका कंपनीचं नाही, नमुन्यादाखल रचलेलं आहे. या पत्रात कारखान्याचा सुरक्षा अधिकारी त्या चपट्या हातमोज्याच्या आधारावर व्यवस्थापकाकडे गार्डसाठी पैसे मागतो. अशी पत्रं पुष्कळ लिहिली जातात आणि बरीचशी फायलीत पडून राहतात. का पडून राहतात हे कळायला आधी प्रेस डबल का मारतो ते कळायला हवं.

चावी अडकली की थांबणं नाही

लहान आणि जुन्या यांत्रिक पॉवर प्रेसची रचना साधी असते. बाजूचं जड फ्लायव्हील मोटरवर सतत फिरत असतं. कामगाराने पायातलं पॅडल दाबलं की एक खटका सुटतो आणि स्प्रिंगच्या जोराने एक चावी फ्लायव्हीलच्या खाचेत बसते. तिलाच कारखान्यात 'की' किंवा 'पिन' म्हणतात. चावी बसली की फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट एकत्र फिरू लागतात, रॅम खाली येतो, पत्र्याला आकार देतो आणि वर जातो. फेरी पुरी होता होता चावीचं शेपूट परत खटक्यावर आदळतं, चावी खाचेतून बाहेर येते, आणि ब्रेक क्रँकला वरच्या टोकाला धरून ठेवतो.

या रचनेत एक गोष्ट मुळातच आहे. एकदा चावी बसली की फेरी पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबत नाही. कुणी लाल बटण दाबलं, वीज तोडली, तरी फ्लायव्हीलमध्ये साठलेली शक्ती ती फेरी पुरी करूनच दम घेते.

आणि फेरी पुरी झाल्यावर चावी सुटेलच याची खात्री खटक्यावर, त्याच्या स्प्रिंगवर आणि चावीच्या शेपटावर असते. स्प्रिंग तुटली, शेपूट झिजून गोल झालं किंवा कामगाराचा पाय पॅडलवर जास्त वेळ राहिला, तर चावी बसलेलीच राहते आणि दुसरा ठोका आपोआप पडतो. ब्रेकच्या पट्ट्यावर तेल गेलं तर रॅम वरच्या टोकाला थांबण्याऐवजी थोडा पुढे सरकतो. डबल मारण्याच्या आधी बहुतेक वेळा ही लक्षणं दिसतात. रॅम पूर्वीपेक्षा खाली थांबू लागतो, खटक्याचा आवाज बदलतो, मधूनच एखादी फेरी 'जड' जाते. कामगाराला हे आठवडाभर आधी माहीत असतं. पण लिहून घ्यायला कुणी विचारत नाही.

अर्धा सेकंद

"हात पटकन मागे घ्यायचा," असं नव्या पोराला सांगितलं जातं. हे का जमत नाही, ते साध्या हिशेबाने दिसतं.

समजा प्रेस मिनिटाला ६० ठोके मारतो आणि रॅमचा प्रवास ८० मिलिमीटर आहे. एक फेरी म्हणजे एक सेकंद, वरून खाली येणं म्हणजे अर्धा सेकंद. पण क्रँक फिरतो वर्तुळात, त्यामुळे रॅम सुरुवातीला फार हळू सुटतो. पहिल्या पाव भागात, म्हणजे साधारण सव्वा दशांश सेकंदात, तो जेमतेम १२ मिलिमीटर खाली येतो. डोळ्याला तो थांबल्यासारखाच वाटतो. त्यानंतर माणसाला 'अरे, हा खाली येतोय' हे कळून स्नायूंना हुकूम पोचायला सुमारे ०.२ सेकंद जातो. तोपर्यंत ८० पैकी ५८ मिलिमीटर अंतर संपलेलं असतं. उरलेली फट बोटाच्या जाडीइतकी होईपर्यंत हात मागे घ्यायला मिळतात सेकंदाचे तीन-चार शतांश. एवढ्या वेळात हात दोन-चार सेंटिमीटर सरकतो.

म्हणून त्या दिवशी फक्त हातमोज्याचं टोक गेलं. त्याचा हात नुकताच आत जात होता. आणखी पाच सेंटिमीटर आत असता, तर तोच कामगार, तीच चपळाई आणि तोच प्रेस असूनही बोटं गेली असती. या घटनेत कौशल्याचा वाटा शून्य आहे. पत्रात हे आलं नाही तर व्यवस्थापकाच्या मनात पहिला विचार येतो तो 'कामगाराला नीट प्रशिक्षण द्या' हाच.

दोन पत्रं जी चालत नाहीत

पहिलं पत्र उपदेशाचं. त्यात सुरक्षा सर्वात महत्त्वाची आहे, मानवी जीवन अमूल्य आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, असं लिहिलेलं असतं. त्यावर व्यवस्थापक 'पाहिले' असा शेरा मारतो, कारण करायचं काय आणि किती रुपयांत, हे त्यात नसतं.

दुसरं पत्र जास्त धोकादायक असतं, कारण ते मंजूर होऊ शकतं. 'सर्व प्रेसना लाइट कर्टन बसवावेत' असं त्यात म्हटलेलं असतं. लाइट कर्टन म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा. हात किरणात आला की तो प्रेसला थांबायला सांगतो. पण चावीच्या क्लचचा प्रेस मधेच थांबतच नाही! पडदा सांगेल, दिवा लागेल आणि रॅम खाली येईल. हा पडदा फक्त घर्षण क्लचच्या प्रेसवर उपयोगी आहे, जिथे रॅम कुठल्याही क्षणी अडवता येतो. तिथेही पडदा किती पुढे लावायचा याचं गणित आहे. हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. पडदा आणि प्रेस मिळून थांबायला ०.२ सेकंद घेत असतील, तर बोटही पकडू शकणारा बारीक किरणांचा पडदा डायपासून किमान ४० सेंटिमीटर दूर हवा. जवळ लावला तर हात आधी पोचतो. ब्रेक झिजला की थांबायचा वेळ वाढतो, म्हणून तो वेळ अधूनमधून मोजावा लागतो. पैसे खर्च करून चुकीच्या यंत्रावर बसवलेला पडदा गार्ड नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्यावर विसंबून कामगार हात बिनधास्त आत घालतो.

पत्र

आता काम करणारं पत्र.

"प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक

विषय: प्रेस क्र. ४ वरील टळलेला अपघात आणि सहा प्रेसच्या गार्डसाठी खर्चाची मंजुरी

महोदय,

काल दुसऱ्या शिफ्टमध्ये ब्रॅकेट वाकवण्याच्या कामावर प्रेस क्र. ४ ने पॅडल न दाबता दुसरा ठोका मारला. कामगार तयार तुकडा काढण्यासाठी हात आत घालत होता. त्याच्या उजव्या हातमोज्याच्या तर्जनीचं टोक डायमध्ये चिरडलं गेलं. इजा झाली नाही. हातमोजा सोबत जोडला आहे.

प्रेस त्याच वेळी बंद करून मुख्य स्विचला कुलूप लावलं. मेंटेनन्स विभागासह क्लच उघडून पाहिला. खटक्याची स्प्रिंग तुटलेली आहे आणि चावीचं शेपूट झिजलेलं आहे. याच बनावटीचे आणखी पाच प्रेस आपल्याकडे आहेत. तपासणीत त्यांपैकी दोघांत रॅम वरच्या टोकाच्या खाली थांबतो आहे, म्हणून तेही बंद ठेवले आहेत. कामगारांशी बोलल्यावर कळलं की प्रेस क्र. ४ ने मागच्या पंधरवड्यात आणखी दोनदा डबल मारला होता. त्याची नोंद झाली नव्हती.

दुरुस्तीने डबल ठोक्याची शक्यता कमी होईल, संपणार नाही. स्प्रिंग पुन्हा तुटू शकते. ती तुटेल तेव्हा हात आत नसावा, एवढाच खात्रीचा उपाय आहे. त्यासाठी प्रत्येक प्रेसला पुढील तीन कामं हवीत.

क्लच व ब्रेकची दुरुस्ती: ९,००० रुपये. पॅडल दाबून धरलं तरी एकच ठोका पडेल अशी जोडणी: ६,००० रुपये. डायभोवती चारही बाजूंनी बोल्टने घट्ट बसवलेला गार्ड आणि बाहेर ओढून भरायचा सरकता ट्रे: २२,००० रुपये. एका प्रेसचे ३७,०००, सहांचे २,२२,००० रुपये. तीन पुरवठादारांचे दर सोबत आहेत.

ट्रेमुळे कामगार सपाट तुकडा गार्डच्या बाहेर भरेल आणि ट्रे आत ढकलेल. तयार ब्रॅकेट मागच्या बंद उतारावरून पेटीत पडेल. प्रेस क्र. २ वर लाकडी ट्रे करून, प्रेस बंद ठेवून, भरण्याचा वेळ मोजला. सध्या तासाला ३५० नग निघतात, ट्रेने ३२० निघतील. शिफ्टच्या सात कामाच्या तासांत २१० नग कमी पडतील, म्हणजे सुमारे ४० मिनिटांचं जादा काम. उत्पादन विभागाने हे तपासलं आहे.

आपल्याकडून दोन निर्णय हवे आहेत. एक, प्रेस क्र. ४ आणि बंद ठेवलेल्या दोन प्रेससाठी १,११,००० रुपयांची मंजुरी या आठवड्यात. दोन, उरलेल्या तीन प्रेससाठी तेवढीच रक्कम पुढच्या महिन्यात. तोवर ते तीन प्रेस फक्त अशा कामांवर चालतील ज्यात हात डायमध्ये जात नाही.

मंजुरी शक्य नसेल तर तसा लेखी निर्णय कळवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
सुरक्षा अधिकारी

प्रत: सुरक्षा समिती, मेंटेनन्स प्रमुख, उत्पादन प्रमुख"

यात काय आहे आणि काय नाही

पत्रात कामगाराचं नाव नाही. नाव आलं की चौकशी त्याच्याभोवती फिरते, आणि पुढच्या वेळी हातमोजा कुणी आणून देत नाही. 'मागच्या पंधरवड्यात दोनदा' हे वाक्य मिळालं तेच मुळी, कुणाचं नाव येणार नाही असं सांगितल्यामुळे.

'३०० टळलेल्या घटनांमागे एक गंभीर अपघात' असा आकडाही यात नाही. एच. डब्ल्यू. हाइनरिच या अमेरिकी विमाक्षेत्रातल्या माणसाने १९३१ मध्ये १, २९ आणि ३०० असा मनोरा मांडला. सुरक्षा प्रशिक्षणात तो अजून दाखवतात. पण प्रेसवर त्याचा उपयोग नाही, उलट तो दिशाभूल करतो. तो वाचून व्यवस्थापक म्हणेल, "मग अजून २९९ बाकी आहेत की." घसरून पडण्यात खरचटण्यापासून हाड मोडण्यापर्यंत पायऱ्या असतात. पॉवर प्रेसमध्ये अशा पायऱ्या क्वचितच असतात. एक तर हातमोजा, नाहीतर बोटं.

नुकसानभरपाईची भीतीही पत्रात नाही, आणि हे समजून वगळलेलं आहे. कामगार ईएसआयसीखाली असेल तर कायमच्या अपंगत्वाचे पैसे ईएसआयसी देते, कारखाना नाही. 'लाखोंची भरपाई द्यावी लागेल' असं लिहिलं की हिशेब विभाग ते एका मिनिटात खोडून काढतो, आणि त्याबरोबर सगळ्या पत्राचं वजन जातं.

ती भरपाई किती असते हे मात्र वाचकाने पाहावं. तक्त्यात एका हाताची चारही बोटं गेली तर कमाईची क्षमता ५० टक्के गेली असं धरतात. फक्त तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, तिचं शेवटचं पेर गेलं तर ९ टक्के. रोजची मजुरी ६०० रुपये धरली तर तिच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे ५४० रुपयांवर, हे टक्के लागतात. पूर्ण तर्जनीचे होतात दिवसाला ७५ रुपये ६० पैसे. पैसे आयुष्यभर मिळतात हे खरं. पण ज्या प्रेसशॉपमध्ये बोटांवरच मजुरी ठरते तिथे त्या कामगाराला पुन्हा प्रेसवर कोण उभं करणार?

आता कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली. पूर्वी १,००० कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी लागे. आता सर्वसाधारण कारखान्यात ५०० आणि धोकादायक प्रक्रियेच्या ठिकाणी २५० कामगार असले तरी तो लागतो. नियम मोडल्यामुळे गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि दंडातली निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम जखमीला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. हे कलम पत्रात धमकीसारखं लिहिलं तर माणसं दारं लावून घेतात. पण शेवटचं वाक्य पाहा: 'मंजुरी शक्य नसेल तर तसा लेखी निर्णय कळवावा.' यात कायद्याचा एक शब्द नाही, तरी सगळा कायदा त्यात आहे. पत्र पोचल्यावर 'मला माहीत नव्हतं' असं व्यवस्थापकाला म्हणता येत नाही.

जुन्या कायद्यात अपघाताची सूचना सरकारकडे जायची ती कामगार ४८ तास किंवा जास्त कामाला मुकला तर. चपटा झालेला हातमोजा एक मिनिटही कामाला मुकत नाही. त्यामुळे अशी घटना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कुठल्याच नोंदीत येत नव्हती. प्रेस डबल मारतो याचा कागदावरचा एकमेव पुरावा हे पत्रच.

पैसे मिळाल्यावर

समजा दोन्ही मंजुऱ्या आल्या आणि गार्ड बसले. इथे लेख संपवला तर सोयीचं होईल, पण गोष्ट इथे संपत नाही. बसवलेला गार्ड दोन महिन्यांनी कपाटामागे उभा दिसणं हे प्रेसशॉपचं नेहमीचं चित्र आहे, आणि त्यामागे कामगाराचा बेफिकीरपणा नसतो, कामातली एखादी अडचण असते.

आपल्या ट्रेच्या गार्डमध्ये सपाट तुकडा आत जायला ६ मिलिमीटरची फट ठेवली होती. पत्रा २ मिलिमीटरचा, म्हणजे फट पुरेशी. एवढ्या फटीतून बोटाचं टोकच जेमतेम शिरतं, म्हणून गार्ड डायपासून १० मिलिमीटरवर असला तरी चालतो. आपला १५ मिलिमीटरवर होता. पण आधीच्या प्रेसवरची डाय बोथट झाली, तुकड्यांच्या कडेला चरे राहू लागले, आणि ते फटीत अडकू लागले. तासाला ३२० ऐवजी २६० नग निघू लागले. सेटरने ग्राइंडर घेतला आणि फट १२ मिलिमीटर केली. काम पुन्हा सुरळीत झालं.

गार्ड जागेवर आहे. लांबून पाहिलं तर सगळं नीट दिसतं. पण १२ मिलिमीटरच्या फटीतून बोट पुरतं आत जातं, आणि अशा फटीला गार्ड डायपासून १०० मिलिमीटर दूर हवा. आपला अजून १५ वरच आहे. म्हणजे २२,००० रुपयांचा गार्ड शोभेचा झाला. खरा दोष आधीच्या डायला धार न लावण्यात होता, आणि तो गार्डच्या फटीत येऊन दिसला.

हे नुसतं पाहून कळत नाही, मोजावं लागतं. म्हणून चांगला सुरक्षा अधिकारी खिशात ७ मिलिमीटरची एक लोखंडी सळी ठेवतो. आठवड्यातून एकदा ती प्रत्येक गार्डच्या फटीला लावून पाहतो. सळी आत गेली तर प्रेस थांबतो, आणि प्रश्न कामगाराला नाही, डायच्या धारेला विचारला जातो. तपासणीची नोंद त्याच फायलीत जाते जिच्यात पहिल्या पानाला तो चपटा हातमोजा टाचलेला आहे.